प्रोटीन वाढवलं आणि पोट फुगलं: करमाडच्या एका श्रोत्याचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका फोनमुळे सुचला. फोन करमाडहून होता. जालना रोडवरचं करमाड तुम्हाला माहीत असेलच. तिथली कितीतरी मुलं शेंद्रा एमआयडीसीत शिफ्टला जातात, हा त्यांच्यातलाच एक. वय २७, वजन ६८ किलो. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, जिम लावली, खाणं सुधारलं, आणि तेव्हापासून पोटाची वाट लागली. दुपारी लाईनवर उभा असतो तेव्हा पोट ढोलासारखं गच्च होतं. संध्याकाळी गुडगुड. पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. आई म्हणते हे कडधान्यांचं खूळ सोड, तुला ते पचत नाही. खरंच मला कडधान्य पचत नाही का?"

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर चुकून 'हो' दिलं, तर हा मुलगा आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त प्रोटीन कायमचं सोडून देईल आणि डब्यातल्या पावडरीवर महिन्याला काही हजार घालवेल. म्हणून आज घाई न करता त्याचं खाणं मोजू आणि पोट नेमकं कशामुळे फुगलं ते शोधू.

आधी काय खात होता, मग काय खायला लागला

आधीचं खाणं साधं. सकाळी चहा आणि पोहे. दुपारी कॅन्टीनमध्ये भात, वरण, थोडी भाजी. संध्याकाळी वडापाव. रात्री घरी तीन पोळ्या आणि भाजी. याचा अंदाजे हिशोब केला तर दिवसाला ४३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि २४-२५ ग्रॅम फायबर, म्हणजे तंतुमय पदार्थ. फायबर तसं ठीकच होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. प्रोटीन मात्र कमी होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं तर ६८ किलोच्या माणसाला साधारण ५६ ग्रॅम लागतं, आणि वजनं उचलायची असतील तर त्याहून जास्त. म्हणजे प्रोटीन वाढवायचं हा त्याचा निर्णय बरोबरच होता.

चुकला तो वेग. जिम लावली त्या सोमवारपासून त्याने एकदम पाच गोष्टी सुरू केल्या. पहाटे भिजवलेले कच्चे हरभरे, कोरडे मोजले तर ५० ग्रॅम. नाश्त्याला मोड आलेली कच्ची मटकी, तीही ५० ग्रॅम. डब्यात सोयाबीन वड्या, ५० ग्रॅम. संध्याकाळी ३०० मिली दुधात एक स्कूप व्हे प्रोटीन. आणि रात्री 'पोट साफ राहावं' म्हणून दोन चमचे इसबगोल.

आता यातलं फायबर बघा. हरभऱ्यातून १२ ग्रॅम, मटकीतून ७-८, वड्यांतून ६-७, इसबगोलातून ८ च्या आसपास. म्हणजे ३४ ग्रॅम नवीन. काल २४ होतं, आज ५८. रविवारी रात्री झोपला आणि सोमवारी दुपटीहून जास्त! प्रोटीन ४३ वरून ११५-१२० वर गेलं ते वेगळंच.

त्याच्या डोक्यात मात्र होतं, "प्रोटीन जास्त झालं म्हणून गॅस होतोय." बहुतेकांना असंच वाटतं. पण प्रोटीनचा मोठा भाग लहान आतड्यातच पचतो आणि शोषला जातो. तीन उकडलेली अंडी खाऊन सहसा कुणाचं पोट ढोलासारखं होत नाही. पोट फुगतं ते प्रोटीनच्या सोबत आलेल्या पाहुण्यांमुळे. कडधान्यासोबत येतात काही विशिष्ट साखरा आणि फायबर. दुधासोबत येतं लॅक्टोज.

पोटात नेमकं काय होतं

हरभरा, मटकी, राजमा, सोयाबीन या सगळ्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा नावांच्या साखरा असतात. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की या साखरा तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. तुमच्या नाही, माझ्या नाही, पहिलवानाच्याही नाही. त्यामुळे त्या न पचता पुढे मोठ्या आतड्यात जातात. तिथे अब्जावधी जिवाणू वाट बघत बसलेले असतात. ते या साखरा आणि फायबरचा काही भाग आंबवतात, आणि आंबवताना हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन असे वायू तयार होतात. इडलीचं पीठ रात्रीत का फुगतं? तोच प्रकार.

म्हणजे कडधान्य खाऊन थोडा गॅस होणं हा आजार नाही, ते शरीराचं नेहमीचं कामकाज आहे. हुरड्याच्या दिवसांत शहरातून शेतावर आलेली पाहुणेमंडळी एका बैठकीत हुरडा रिचवतात आणि संध्याकाळी पोट धरून बसतात. शेतावरच्या माणसाला मात्र काही होत नाही. हुरडा तोच, फरक सवयीचा आणि प्रमाणाचा.

ही सवय खरंच लागते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना रोज अर्धा कप शिजवलेलं कडधान्य काही आठवडे खायला दिलं होतं. पहिल्या आठवड्यात गॅस वाढल्याचं सांगणारे निम्म्याहून कमी होते, आणि पुढच्या आठवड्यांत ही तक्रार बरीच कमी झाली. शिवाय सगळ्या कडधान्यांचा त्रास सारखा नव्हता. चवळीचा त्रास राजम्याच्या जातीच्या दाण्यांपेक्षा कमी निघाला. यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. आतडं जुळवून घेतं, पण त्याला दिवस नाही तर आठवडे लागतात. आणि 'कडधान्य पचत नाही' असं सरसकट म्हणण्याऐवजी कोणतं कडधान्य आणि किती, हे विचारायला हवं.

घड्याळ बघा, गुन्हेगार सापडेल

मी त्याला सांगितलं, आधी आठवडाभर वहीत तीन गोष्टी लिही. काय खाल्लं आणि किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, आणि त्रास कसला होता. चार-पाच दिवसांतच चित्र स्पष्ट झालं, कारण त्याला एक नाही, दोन वेगळे त्रास होते.

पहिला त्रास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सुरू व्हायचा आणि तीन-चारपर्यंत टिकायचा. पोट गच्च, वारा सरला की हलकं वाटायचं, जुलाब नाहीत. हरभरे सकाळी सहाला, मटकी आठला. खाल्लेलं मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारचा गॅस हा दुपारच्या जेवणाचा नव्हता, सकाळच्या कडधान्याचा होता. आपण नेहमी शेवटच्या घासाला दोष देतो, पण तो बिचारा अजून पोटातच असतो.

दुसरा त्रास रात्री आठ-नऊला. गुडगुड, कळ, आणि कधीकधी पातळ शौचाला पळावं लागायचं. शेक सात वाजता. एक-दोन तासांत गुडगुड आणि पातळ शौच असेल तर संशय दुधातल्या लॅक्टोजवर घ्यावा. आपल्याकडे मोठ्या वयात लॅक्टोज नीट न पचणारे लोक पुष्कळ आहेत. त्यातल्याही बऱ्याच जणांना एक कपभर दूध जेवणासोबत चालतं. पण ३०० मिली दूध म्हणजे जवळजवळ १५ ग्रॅम लॅक्टोज, त्यात व्हे कॉन्सन्ट्रेटमधलं थोडं आणखी, आणि तेही जवळपास रिकाम्या पोटी, एका दमात. इथे गडबड होते. दह्यात आणि ताकात मात्र विरजणाचे जिवाणू काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, म्हणून दूध न चालणाऱ्या कितीतरी लोकांना दही चालतं.

पित्ताच्या गोळ्यांचा उपयोग का झाला नाही, हेही यातून कळतं. ती गोळी जठरातलं आम्ल कमी करते. गॅस होत होता मोठ्या आतड्यात. छातीत जळजळ, आंबट ढेकर असेल तर ती गोळी कामाची. बेंबीखाली गच्च वाटत असेल तर तिचं तिथे काही काम नाही.

इसबगोलाचं काय?

इसबगोल फारसं आंबत नाही, म्हणून त्यातून गॅस कमीच होतो. पण ते पाणी शोषून फुगतं. हा मुलगा दोन चमचे इसबगोल अर्धा ग्लास पाण्यात घ्यायचा. दिवसभर कारखान्यात घाम, त्यात पाणी कमी. अशा वेळी मल घट्ट होतो, पुढे सरकत नाही, आणि मागे तयार झालेला गॅस अडकून बसतो. पोट साफ व्हावं म्हणून घेतलेल्या वस्तूनेच बद्धकोष्ठ! इसबगोल घ्यायचंच असेल तर एका चमच्याला मोठा ग्लासभर पाणी, वर आणखी थोडं पाणी, आणि इतर औषधांपासून एक-दोन तासांचं अंतर. त्याला मात्र मी ते बंदच करायला सांगितलं. जेवणातलं फायबर वाढणार होतंच, वरून पुन्हा भर कशाला?

मग त्याने काय केलं

पहिले पाच दिवस: सगळं नवीन बंद. जुनं खाणं, वरणभात, पोळीभाजी, वाटीभर दही. तिसऱ्या दिवशी पोट हलकं झालं. हे पाच दिवस फुकट गेले असं समजू नका. जुन्या खाण्यावरही त्रास तसाच राहिला असता, तर कारण वेगळं आहे आणि डॉक्टरांकडे जायला हवं, हे कळलं असतं.

पहिला आठवडा: फायबर नसलेलं प्रोटीन. सकाळी तीन उकडलेली अंडी आणि दुपारी वाटीभर दही. प्रोटीनमध्ये २३ ग्रॅमची भर, फायबर तेवढंच. एकूण ६६ च्या आसपास. त्रास नाही. अंडी खात नसाल तर ५० ग्रॅम पनीर आणि दही घ्या, आकडा थोडा कमी येईल एवढंच.

दुसरा आठवडा: व्हे परत सुरू, पण दुधात नाही, पाण्यात. बाकी काही बदल नाही. रात्रीची गुडगुड आली नाही. म्हणजे त्याला पावडरीचा नाही, एवढ्या दुधाचा त्रास होता. पाण्यात घेऊनही त्रास झाला असता तर कॉन्सन्ट्रेटऐवजी आयसोलेट करून बघता आलं असतं, त्यात लॅक्टोज बरंच कमी असतं.

तिसरा आठवडा: मटकी परत, पण शिजवलेली आणि कोरडी मोजून २० ग्रॅम. फायबरची भर फक्त ३ ग्रॅम. पहिले तीन दिवस दुपारी थोडा गॅस झाला, मग कमी झाला. अशा वेळी माघार घ्यायची नाही, पण पुढेही जायचं नाही. तेवढ्यावरच थांबायचं.

चौथा आठवडा: मटकी ४० ग्रॅम. पाचव्या आठवड्यात घरच्या जेवणात दोन पोळ्यांच्या जागी ज्वारीची भाकरी. फायबरमध्ये यामुळे फार फरक पडत नाही, पण गव्हातही काही जणांना गॅस करणाऱ्या साखरा असतात, म्हणून करून बघितलं. त्याला काही फरक जाणवला नाही, तर तो पोळीवर परत आला. सहाव्या आठवड्यात सोयाबीन वड्या, २५ ग्रॅम. सगळ्यात शेवटी हरभरा, उकडलेला, २५ ग्रॅम, आणि पहाटे रिकाम्या पोटी नाही तर जेवणासोबत.

दोन महिन्यांनी हिशोब असा: फायबर साधारण ४० ग्रॅम. वड्या आणि हरभरे सुरू झाल्यावर त्याने व्हे बंद केलं, तरी प्रोटीन ९० ग्रॅमच्या जवळ राहिलं. म्हणजे किलोमागे १.३ ग्रॅम, त्याच्या व्यायामाला पुरेसं. गॅस होतो का? होतो, थोडा. पोट ढोलासारखं होतं का? नाही.

नियम एवढाच की एका वेळी एकच नवीन वस्तू, फायबरची भर आठवड्याला जास्तीत जास्त ५ ग्रॅम, आणि त्रास वाढला तर एक पायरी खाली. एकदम पाच वस्तू सुरू केल्या की दोष कुणाचा ते कधीच कळत नाही, आणि मग पाचही सुटतात.

भिजवणं आणि शिजवणं

"कच्चं मोड आलेलं जास्त पौष्टिक" हे जिममध्ये सर्रास सांगितलं जातं. पोटाच्या दृष्टीने ते उलटं आहे. गॅस करणाऱ्या साखरा पाण्यात विरघळतात. म्हणून कडधान्य भरपूर पाण्यात ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, धुवा, मोड आणा, आणि नव्या पाण्यात शिजवा. मोड येताना दाणा स्वतःच त्यातल्या काही साखरा वापरून टाकतो. शिजवल्याने प्रोटीनच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्यंही बरीचशी निष्क्रिय होतात, त्यामुळे कच्च्यापेक्षा शिजवलेल्यातलं प्रोटीन अंगी जास्त लागतं. भिजवलेलं पाणी 'जीवनसत्त्वं असतात' म्हणून पिणारे लोक गॅसच पीत असतात असं समजा.

दुसरा धोका उन्हाळ्याचा. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये फडक्यात बांधलेल्या मटकीत मोडांसोबत नको ते जिवाणूही वाढतात. मोड चिकट लागले किंवा वास आला तर टाकून द्या. कच्चे मोड खाऊन ताप आणि जुलाब सुरू झाले तर ते फायबरचं काम नाही, ती बाधा आहे.

सोयाबीन वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, पाणी फेका, पुन्हा एकदा तसंच करा. सुरुवात करायची तर मूग किंवा मुगाची डाळ सगळ्यात सौम्य, मग मटकी आणि चवळी, मग हरभरा आणि राजमा. हिंग-जिऱ्याची फोडणी जरूर द्या, पोटाला बरं वाटतं. पण फोडणीच्या भरवशावर एकदम दोन वाट्या खाऊ नका.

हा उपाय कुठे चालणार नाही

शौचातून रक्त, न ठरवता वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारा त्रास, ताप, आठवडे चाललेले जुलाब, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेली तक्रार असेल, तर वही-पेन्सिल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारा-शौच दोन्ही बंद आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर गोळ्यांची नावं बघा. मेटफॉर्मिनने पोट बिघडू शकतं. व्होग्लिबोज, अकार्बोज या गोळ्या तर पिष्टाचं पचन मुद्दाम लांबवतात, म्हणून त्यांच्यामुळे गॅस होतोच. अशा माणसाने कडधान्याला दोष देण्याआधी आणि गोळी स्वतःहून बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

मागच्या आठवड्यात करमाडहून पुन्हा फोन आला. म्हणाला, "दादा, मटकीची उसळ आता आईच डब्यात देते. पण मोजून देते." मी म्हटलं, माऊलीला सांगा, मोजणं सोडू नका.

तुमच्या पोटाची अशीच काही तक्रार असेल तर आधी आठवडाभर वही लिहा आणि मग आम्हाला पाठवा. नुसतं 'गॅस होतो' असं लिहू नका, वेळ लिहा. भेटू पुढच्या भागात.